टुकटुक धून, म्हातारा खोकला आणि सहा रविवार

पार्श्वभूमी

कोथरूडला राहणाऱ्या एक बाई गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या. त्यांना मी इथे ताई म्हणतो. वय बासष्ट. लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं, तीन भावंडं, दोन खोल्या आणि फळीवर क्रोशाचा रुमाल पांघरलेला व्हॉल्व्हचा रेडिओ. या रेडिओवर त्यांनी लहानपणी एक मालिका ऐकली होती. एक खोकणारा म्हातारा, त्याच्या भोवती दोन-तीन पोरं, कसलंतरी रहस्य. सुरुवातीला आणि शेवटी ‘टुकटुक टुकटुक’ अशी धून. नाव आठवत नाही. म्हाताऱ्याचं काम कोणी केलं तेही माहीत नाही.

ताईंना हे आत्ता हवं होतं याला कारण होतं. थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, पंच्याहत्तरी जवळ येत नसली तरी तब्येत बरी नव्हती, आणि भाऊबीजेला तिघं जमल्यावर या म्हाताऱ्यावरून चांगलीच जुंपली होती. दादांचं म्हणणं, तो आवाज डॉ. श्रीराम लागूंचा. ताई म्हणाल्या, छे, तो कोणी साधाच माणूस होता. धाकटा चिंचवडला असतो, त्याला आवाजापेक्षा धून जास्त आठवत होती.

मी जुन्या ध्वनिफितींचं काम करतो. लोकांच्या घरच्या कॅसेटी आणि स्पूल संगणकात उतरवून देतो. त्यामुळे असे ‘अर्धवट’ प्रश्न माझ्याकडे येतात. बहुतेक सुटत नाहीत. हे प्रकरण बरंचसं सुटलं, म्हणून लिहितो आहे. कलाकाराच्या विनंतीवरून त्यांचं नाव देत नाही, आणि मालिकेचंही देत नाही, कारण एक कळलं की दुसरं कळतं.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण माझ्याकडे प्रकरण येण्याआधीच झाली होती. तिघं भाऊबीजेला दोन तास याच विषयावर बोलले होते. त्या बोलण्यातून एकाची आठवण दुसऱ्याची झाली होती. मी तिघांना वेगवेगळं, कागदावर लिहून मागितलं तेव्हा तिघांनीही ‘म्हातारा कंदील मागतो’ हा प्रसंग लिहिला, जवळजवळ त्याच शब्दांत. मी ताईंना विचारलं, “हा कंदील तुम्हाला भाऊबीजेच्या आधी आठवत होता का?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “नाही हो. तो धाकट्याचा कंदील आहे.”

म्हणजे तीन साक्षीदार दिसत होते, पण कंदिलापुरता साक्षीदार एकच. तिघांच्या कागदांवर मी दोन रंगांच्या खुणा केल्या: भाऊबीजेआधीपासून आठवतं ते हिरवं, नंतरचं किंवा शंकास्पद ते लाल. हिरवं फारच थोडं उरलं.

दादांचं हिरवं: दुष्काळाचं साल, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या, ‘मी सातवीत’. म्हणजे १९७२-७३.

ताईंचं हिरवं: रविवारची सकाळ, न्हाऊन केस वाळवत बसलेली, आणि धून संपल्यावर निवेदिका कलाकारांची नावं वाचायची. एकही नाव आठवत नाही, पण वाचायची हे नक्की.

धाकट्याचं हिरवं: धून, कंदील, आणि मालिकेच्या नावातला एक शब्द. शिवाय धुनीच्या आधी दंतमंजनाची जाहिरात.

या जाहिरातीने घोळ घातला. विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, नागपूर आणि पुण्यात १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाली. सत्तरीच्या त्या वर्षांत जाहिरात ऐकू आली म्हणजे काटा बहुधा विविध भारतीवर असणार. तसं असेल तर कार्यक्रम प्रायोजित असण्याची शक्यता मोठी, आणि प्रायोजित कार्यक्रम बाहेरचे निर्माते आपल्या स्टुडिओत करून फीत केंद्राला पाठवत. मग पुण्यात शोधण्यात अर्थच नाही. उलट ताईंची नावं वाचणारी निवेदिका पुणे केंद्राच्या मूळ वाहिनीकडे बोट दाखवत होती. तिथे श्रुतिका संपली की ‘भाग घेणारे कलाकार’ वाचून दाखवण्याची रीत होती.

मी ताईंच्या बाजूने गेलो. कारण असं की जाहिरात ही रोज ऐकू येणारी गोष्ट, ती कुठेही चिकटते. नावं वाचणं हा त्या कार्यक्रमाचाच भाग. धाकट्याला नंतर विचारलं तर तो म्हणाला की वडील कार्यक्रम संपला की काटा फिरवून गाणी लावत. जाहिरात तिथली असावी.

कोणते मार्ग होते

समोर तीन वाटा होत्या. जुन्या वर्तमानपत्रांतले रेडिओचे कार्यक्रम चाळायचे. जुन्या कलाकारांना आवाजाबद्दल विचारायचं. किंवा आधी धुनीचा पत्ता लावायचा.

मूळ ध्वनिमुद्रण मिळेल ही आशा मी धरली नव्हती. त्या काळी फीत महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. संग्रहात जायचं ते मोठ्या गवयांचं आणि साहित्यिकांचं. रविवार सकाळची मुलांची मालिका कोण जपून ठेवणार?

मी धून आधी घेतली. धून नक्की आहे की नाही हे ऐकून लगेच ठरवता येतं. आवाजाचं तसं नसतं, तिथे ‘हो, तसाच वाटतोय’ यापलीकडे बरेचदा जाता येत नाही. दुसरं, धून एखाद्या तबकडीवरून घेतलेली निघाली, तर ती तबकडी कधी निघाली यावरून मालिका किमान कोणत्या सालानंतरची हे कळतं.

धून

एक शक्यता आधीच बाद केली. लोक आकाशवाणीची संकेतधून हमखास दुसऱ्या कार्यक्रमांना जोडतात. वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये बांधलेली, शिवरंजनीच्या अंगाने जाणारी, तंबोऱ्यावर व्हायोलिन. ती ताईंना ऐकवली तर त्या हसल्या. “ही काय, ही तर केंद्र सुरू होण्याआधीची. ही सांगायला तुमच्याकडे कशाला येईन?”

मग ताईंनी धून गुणगुणली. त्यांच्या शेजारच्या बाई पेटी वाजवतात, त्यांनी ती स्वरांत लिहून दिली: सां नी सां प ग प सा, दोनदा. निषाद कोमल, गंधार शुद्ध. ती ओळ मी स्वरांनी शोधायला घेतली आणि काहीच हाती लागलं नाही.

धाकट्याला स्वतंत्रपणे गुणगुणायला सांगितलं. त्याचा ताल अगदी वेगळा, पण त्याचा गंधार कोमल होता. इथे लक्षात आलं की नेमके स्वर धरून चालणार नाही. पन्नास वर्षांनी गुणगुणताना शुद्ध-कोमल सहज बदलतं, लय तर बदलतेच. टिकतं ते एवढंच की सूर कुठे चढला आणि कुठे उतरला. डेनिस पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९७५ मध्ये सुरावटींचा एक कोशच या तत्त्वावर काढला. पहिल्या स्वराला तारा, पुढचा स्वर चढला तर U, उतरला तर D, तोच राहिला तर R. बस, एवढंच. सूर कोणता, किती लांब, काही नाही.

सां वरून नी ला उतरलो, परत सां ला चढलो, प ला उतरलो, ग ला उतरलो, प ला चढलो, सा ला उतरलो. म्हणजे:

```
*DUDDUD
```

सहा अक्षरांत जगातल्या शेकडो सुरावटी बसतात. म्हणून ओळ दोनदा येते ही गोष्ट वापरली. खालच्या सा वरून परत वरच्या सां ला उडी, म्हणजे मध्ये एक U, आणि पुन्हा तेच:

```
*DUDDUDUDUDDUD
```

ताईंचा शुद्ध गंधार आणि धाकट्याचा कोमल गंधार, दोघांचाही आराखडा हाच येतो. Musipedia या सुरावटी शोधायच्या संकेतस्थळावर हा आराखडा टाकून शोधता येतं. यादी आली, ती एकेक करून ऐकली, आणि ‘पॉपकॉर्न’ वाजल्यावर मी ताईंना फोन न करता धाकट्याला आधी ऐकवलं. तो फोनवर काही बोललाच नाही. मग म्हणाला, “पुढे एक चढत जाणारी ओळ आहे का?” आहे. ती त्याने मला आधी सांगितलेली नव्हती, आणि माझ्या दृष्टीने खरा पुरावा हाच. गुणगुणलेली ओळ जुळली, एवढ्यावर मी थांबलो नसतो. न गुणगुणलेला भाग त्याने ऐकण्याआधी सांगितला.

आता साल. ‘पॉपकॉर्न’ ही गर्शन किंग्जली यांची रचना, मूग सिंथेसायझरवरची, १९६९ च्या तबकडीत पहिल्यांदा आली. पण जगभर वाजली ती १९७२ मधली हॉट बटर या वादकचमूची. तो चमू चालवणारे स्टॅन फ्री हे आधी किंग्जलींच्याच मूग चौकडीत वाजवायचे. दोन्ही ऐकवल्यावर ताई आणि धाकटा दोघांनी १९७२ ची निवडली. ही निवड मी फार मनावर घेतली नाही. १९७२ ची नंतर कुठे ना कुठे कानावर पडलेली असणारच. तरी ढोबळ अंदाज बांधला: ती तबकडी निघून पुण्यात पोहोचायची, मग ती कोणाच्या तरी कानाला बरी वाटायची. दादांचं १९७२ अशक्य नाही, पण ओढूनताणून आहे. त्यानंतरची चार-पाच वर्षं जास्त पटतात.

वर्तमानपत्रांतला आठवडा

मग मी चूक केली. साल हातात आलं म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो आणि १९७३ ते १९७७ चे रविवारचे अंक मागवले. पाच वर्षांचे अडीचशेहून अधिक रविवार. पाच दुपारी गेल्या. ‘आजचे आकाशवाणी कार्यक्रम’ या चौकटीत रविवारी सकाळी छापलेलं काय, तर ‘मुलांसाठी’. दर रविवारी तेच. आत काय आहे, कोणाचं आहे, काही नाही. रात्रीच्या नभोनाट्याचं नाव छापलेलं असे, कधी लेखकाचंही. मुलांच्या कार्यक्रमाला तेवढी जागा कोण देणार?

पहिले दहा अंक पाहूनच हे कळायला हवं होतं. नमुन्याला प्रत्येक वर्षातले दोन रविवार पाहून मी उठायला हवं होतं. पण जुने अंक चाळायचा मोह वाईट, शेजारच्या सिनेमाच्या जाहिराती वाचण्यात निम्मा वेळ गेला हे कबूल करतो.

आवाज

दादांच्या लागूंबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये आलं आणि त्यानंतर मराठी कानात म्हातारा म्हटलं की तोच आवाज बसला. बेवारशी आवाज नेहमी मोठ्या नटाच्या घरी जातो. पुणे केंद्राच्या मुलांच्या कार्यक्रमात कामं करायला येत ते हौशी रंगभूमीवरचे लोक: बँकेतले, जीवन विम्यातले, शाळामास्तर. ध्वनिचाचणी पास झालेले, एका कामाचे ठरावीक पैसे घेणारे नैमित्तिक कलाकार.

म्हणून प्रश्न बदलला. ‘हा खोकणारा आवाज कोणाचा?’ असं विचारलं की समोरचा आठवायचा आव आणतो आणि कोणाचं तरी नाव देतो. पुरुषोत्तम करंडकात १९७० च्या आसपास उतरलेल्या चार ज्येष्ठांना मी विचारलं, “त्या वर्षांत मुलांच्या कार्यक्रमाला म्हाताऱ्याचं काम करायला कोणाला बोलावत?” मालिकेबद्दल, धुनीबद्दल एक शब्द काढला नाही. तीन नावं आली. दोघं आता नाहीत. तिसरे चौऱ्याऐंशी वर्षांचे, एरंडवण्यात राहतात.

तिघांचे आवाज मिळवले आणि तिघा भावंडांपुढे ओळख परेड ठेवली. पहिली परेड साफ फसली. मी तिघांच्या घरून मिळालेले सत्काराचे, एकसष्टीचे भाषणाचे तुकडे वापरले होते. तीन भावंडांनी तीन वेगळे आवाज निवडले. रात्री झोपताना डोक्यात प्रकाश पडला: १९७५ च्या सुमारास हे लोक तिशी-पस्तिशीचे. भावंडांनी ऐकला तो त्यांचा आवाज नव्हताच, तो काढलेला म्हाताऱ्याचा आवाज होता. घसा आवळून, दम लागल्यासारखा. भाषणातल्या आवाजाशी त्याची तुलना करण्यात काही अर्थच नव्हता.

दुसऱ्या वेळी गणेशोत्सवातल्या आणि स्नेहसंमेलनातल्या एकांकिकांच्या जुन्या कॅसेटी मागितल्या, म्हाताऱ्याच्या भूमिकेच्याच. तीन उमेदवार आणि दोन भलतेच, असे पाच तुकडे, प्रत्येकी वीस सेकंद, एकही नाव नाही. शिवाय सगळे मध्यमलहरींवरून ऐकल्यासारखे केले. त्या लहरींवर दोन केंद्रांत अंतर जेमतेम काही किलोहर्ट्‌झ, म्हणून साडेचार किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज घरच्या रेडिओतून फारसा येतच नसे. कॅसेटीतला ‘स’, ‘श’ चा फुसकारा भावंडांनी तेव्हा ऐकलेलाच नव्हता.

```
ffmpeg -i tukda.wav -af "highpass=f=150,lowpass=f=4500" -ac 1 chachani.wav
```

सूचना एकच दिली: यातला कोणीच नसेल तर तसं सांगा. ही सूचना विसरू नये, नाहीतर माणूस पाचातला बरा वाटेल तो उचलतो. तिघांना वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या क्रमाने ऐकवलं. ताईंनी एरंडवण्याच्या काकांचा तुकडा निवडला. धाकट्यानेही तोच. दादांनी हयात नसलेल्यांपैकी एकाचा. आणि दादा त्या वेळी लागूंबद्दल काही बोलले नाहीत.

निष्पत्ती

काकांकडे मी आणि ताई गेलो. आवाज आता पार खाली गेला आहे, पण खोकून दाखवा म्हटल्यावर त्यांनी आधी तोंडाला रुमाल लावला आणि मग असा खोकले की ताई खुर्चीतून उठल्याच. तरीही खोकल्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. मी विचारलं, “काका, आकाशवाणीचे जुने करार ठेवलेत का?”

हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारतो. नैमित्तिक कलाकाराला प्रत्येक कामाचा छापील करार येत असे, त्यात कार्यक्रमाचं नाव, ध्वनिमुद्रणाची आणि प्रसारणाची तारीख, मानधन. कलाकार तो जपतो, कधी आयकरासाठी, कधी नुसता अभिमान म्हणून. काकूंनी माळ्यावरून रेक्झिनची फाईल काढून दिली. १९७५ च्या पावसाळ्यातले चार करार, चारही रविवारचे, एकाच मालिकेचे. मालिकेच्या नावात धाकट्याने पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेला शब्द होता. तो शब्द मी तोपर्यंत कोणालाही सांगितला नव्हता, काकांनाही नाही.

धुनीबद्दल काकांना काहीच सांगता आलं नाही. ती केंद्रात नंतर जोडली जायची, कलाकारांनी ती घरी रेडिओवरच ऐकायची. म्हणजे धुनीची ओळख आजही दोन भावंडांच्या कानांवर आणि धाकट्याने आधीच सांगितलेल्या चढत्या ओळीवर उभी आहे, कागदावर नाही.

दादांना १९७५ मान्य नाही. ‘मी सातवीत होतो’ यावर ते ठाम आहेत. १९७५ मध्ये सातवीत ताई होत्या. घरात तेव्हा सातवीची पुस्तकं होतीच, फक्त ती दादांची नव्हती. मिलोची भाकरी कुठून आली ते मात्र मला कळलेलं नाही.

पुन्हा करायचं तर

तिघांना एकत्र बोलण्याआधी गाठणं माझ्या हातात नव्हतं, पण पहिल्या फोनवर मी ‘अजून भावाशी बोलू नका’ म्हणू शकलो असतो. त्यानंतर पुन्हा दोनदा ते आपसांत बोलले आणि हिरव्यातलं थोडं लाल झालं. ग्रंथालयाच्या आधी माणसं गाठली असती तर पाच दुपारी वाचल्या असत्या. आणि करारांचा प्रश्न तिन्ही घरांत पहिल्याच भेटीत विचारला असता, तर पहिली परेड घ्यावीच लागली नसती.

मधले दोन रविवार

चार करारांच्या तारखा पाहिल्या तर दोन रविवार झाल्यावर दोन रिकामे आहेत, मग पुन्हा दोन. काकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ फाईल उलटीपालटी केली आणि काकूच आतून म्हणाल्या, “अहो, कावीळ नाही का झाली होती तुम्हाला? तेव्हा कोणीतरी दुसऱ्याने काम केलं, आणि तुम्ही पडल्यापडल्या त्याला नावं ठेवत होतात.”

दुसरा कोण, हे दोघांनाही आठवत नाही. दादांनी निवडलेल्या आवाजाचे गृहस्थ वारले आहेत. त्यांच्या मुलाला मी भेटलो. वडिलांचे सगळे कागद घर बदलताना रद्दीत गेले, असं त्याने सांगितलं. दादांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, “मग मी काय सांगत होतो?”, आणि लगेच विचारलं की त्या दोन रविवारांपैकी कंदिलाचा भाग कोणता.

ते मला माहीत नाही.